हप्ता तोच, मग कर्ज फिटणार कधी?



इथे अमेरिकेत एक घर आणि तिकडे पुण्या-ठाण्याकडे एक फ्लॅट, अशी दोन-दोन कर्जं अंगावर घेतलेले आपल्यात बरेच जण आहेत. शनिवारच्या पॉटलकमध्ये व्याजदराचा विषय निघाला की सगळे एकदम तज्ज्ञ होतात. पण "तुझं कर्ज फिटणार कधी?" असं विचारलं की बहुतेक जण करारावर छापलेला आकडा सांगतात. इथल्या फिक्स्ड दराच्या कर्जाला तो आकडा लागू पडतो. तिकडच्या बदलत्या दराच्या कर्जाला मात्र पहिला हप्ता जाण्याआधीच तो जुना झालेला असू शकतो.

या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या गणितात आहे. आपल्यापैकी निम्म्यांनी हे गणित परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं (मी त्यांतलाच). माझं पोट केमिकल इंजिनिअरिंगवर चालतं, त्यामुळे टाकीत येणारं पाणी आणि जाणारं पाणी यांचा हिशेब रोजचाच. कर्ज हीसुद्धा एक टाकीच, पण जरा चमत्कारिक. तिच्यात जितकं पाणी जास्त, तितक्याच जोरात नळ वाहतो. खालची तोटी मात्र ठरलेल्या वेगानेच पाणी सोडते. नळ म्हणजे व्याज, तोटी म्हणजे हप्ता.

आकडे घेऊ. एप्रिल २०२२ मध्ये मी पुण्यात ताबा मिळालेल्या एका तयार फ्लॅटसाठी ५० लाखांचं कर्ज घेतलं. दर ७ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता बसला ३८,७६५ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज २९,१६७. म्हणजे पहिल्या हप्त्यातून मुद्दलात गेले ९,५९८ रुपये. या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आता समजा हप्ता महिन्यातून एकदा न जाता क्षणाक्षणाला थेंबाथेंबाने जातोय, आणि व्याजही तसंच चढतंय. शिल्लक कर्ज B, वार्षिक दर r, वर्षभराचे हप्ते मिळून p. मग

dB/dt = rB − p

पहिल्या क्रमाचं साधं विकलक समीकरण. पुस्तकात याला इंटिग्रेटिंग फॅक्टर लावून सोडवतात. मला दुसरी वाट आवडते, कारण त्यात प्रत्येक पायरीला पैसा दिसत राहतो. हप्त्यातून व्याज वजा केल्यावर मुद्दलाकडे जो भाग जातो त्याला u म्हणू, म्हणजे u = p − rB. हा u कसा बदलतो? p कायम आहे, बदलतो फक्त B. म्हणून

du/dt = −r · dB/dt = −r(rB − p) = ru

बघा, काय सुरेख निघालं! मुद्दलाकडे जाणारा भाग चक्रवाढीने वाढतो, आणि तोही कर्जाच्याच दराने. जो दर एरवी आपल्या उरावर बसलेला असतो, तोच इथे आपल्या बाजूने काम करतो. आज जो रुपया मुद्दलात गेला, त्याच्यावरचं व्याज उद्यापासून बंद, आणि ते वाचलेलं व्याजही मुद्दलाकडेच वळतं.

कर्ज फिटलं म्हणजे B शून्य, म्हणजेच u बरोबर p. संपूर्ण हप्ता मुद्दलाचा झाला. तेव्हा लागणारा काळ म्हणजे पहिल्या दिवसाच्या u0 ने वाढत वाढत p एवढं व्हायला लागणारा काळ:

T = (1/r) · ln(p / u0)

माझे आकडे घालू. ३८,७६५ भागिले ९,५९८ म्हणजे ४.०४. त्याचा नैसर्गिक लॉग १.३९६. भागिले ०.०७ केलं की १९.९४ वर्षं. बँकेचा कोष्टकातला हिशेब २० वर्षं सांगतो आणि आपलं समीकरण त्याहून साधारण तीन आठवडे कमी. एवढा फरक का, तर बँक महिन्या-महिन्याच्या उड्या मारते आणि आपण सलग चालतो. p भागिले u0 हे गुणोत्तर दोन्हीकडे तंतोतंत तेच असतं. फक्त भागायला r च्या जागी 12·ln(1 + r/12) येतं, म्हणजे ०.०७ ऐवजी ०.०६९८. घराच्या कर्जाला एवढी चूक कोण विचारतो!

आणि लॉगसुद्धा लागत नाही. ७० भागिले व्याजदर केलं की दुपटीची वर्षं मिळतात, हे आपल्याला मुदत ठेवीमुळे माहीत असतं. ७ टक्क्यांना दुप्पट व्हायला १० वर्षं. ९,५९८ ची दुप्पट सुमारे १९,२००, त्याची दुप्पट सुमारे ३८,४००. दोन दुपटी, म्हणजे वीस वर्षं. झालं. बँकेचं विवरणपत्र उघडायचं, या महिन्यात मुद्दलात किती गेले ते बघायचं, त्याच्या किती दुपटी केल्या की हप्ता येतो ते मोजायचं. विवरणपत्रावर 'उरलेली मुदत' काय छापलंय ते नंतर वाचायचं.

इथल्या कर्जालाही हेच. ३ लाख डॉलर, ७ टक्के, ३० वर्षं: हप्ता १,९९५.९१ डॉलर, त्यात पहिलं व्याज १,७५०, मुद्दल अवघे २४६. साधारण आठपट, म्हणजे तीन दुपटी, म्हणजे तीस वर्षं. पहिल्या महिन्यात हप्त्याचा फक्त आठवा भाग मुद्दलात जातो म्हणून चरफडणारे भेटतात. ७ टक्के आणि ३० वर्षं हे दोन आकडे ठरले की तो आठवा भागच असणार, त्यात बँकेची लबाडी नाही.

याच जागी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी ती नव्याने विकायला येतं. 'महिन्याऐवजी दर पंधरवड्याला अर्धा हप्ता भरा, कर्ज सहा वर्षं आधी फिटेल' ही ती योजना. जाहिरातीचा सूर असा की वारंवार भरण्यातच काही जादू आहे. आपलं समीकरण तर क्षणाक्षणाला भरण्याचं आहे. यापेक्षा वारंवार कोण भरणार? आणि वर्षाची रक्कम तीच ठेवली तर त्या तीस वर्षांच्या कर्जात वाचतो जेमतेम एक महिना. मग सहा वर्षं येतात कुठून? वर्षात पंधरवडे २६, म्हणजे अर्धे हप्ते २६, म्हणजे पूर्ण हप्ते १३. गुपचूप एक हप्ता जादा भरला जातो. महिन्याला तो सुमारे १६६ डॉलर पडतो. मुद्दलाचा भाग २४६ वरून ४१२ होतो, गुणोत्तर ८.१ वरून ५.२ वर येतं, आणि T येतो २३.७ वर्षं. हे काम स्वतःच्या हाताने दरमहा १६६ डॉलर 'मुद्दलासाठी' असं लिहून भरूनही होतं. त्यासाठी कुणाला फी द्यायची गरज नाही.

आता माझ्या पुण्याच्या कर्जाकडे परत येऊ.

१ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांची नवी बदलत्या दराची घरकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी जोडली जाऊ लागली, बहुतेक ठिकाणी रेपोशी. मी कर्ज घेतलं तेव्हा रेपो ४ टक्के होता, वर बँकेचे ३. त्यानंतर ४ मे २०२२ ला रेपो ४.४० झाला आणि पुढे पायरीपायरीने चढत ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५० वर पोचला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. माझा दर ७ वरून ९.५ झाला. प्रत्येक वेळी बँकेची ईमेल यायची. मजकूर साधारण असा, की आपला व्याजदर सुधारण्यात आला आहे, आपल्या सोयीसाठी मासिक हप्ता तोच ठेवला आहे, मुदत त्यानुसार वाढेल.

हप्ता तोच म्हणजे p तोच. पण u म्हणजे p − rB, आणि r उडी मारतो तेव्हा u ही त्याच क्षणी खाली उडी मारतो. शिल्लक कर्ज जागच्या जागीच असतं, त्यामुळे पासबुकात काही घडल्यासारखं वाटतच नाही. u निम्मा झाला की मुदत एका दुपटीएवढी वाढते. पुन्हा निम्मा झाला की पुन्हा तेवढीच. आणि u शून्याला टेकला तर लॉग अनंताकडे जातो.

दर बदललाच नसता तर वर्षाअखेर माझी शिल्लक ४८.८१ लाख झाली असती. पण दर वर्षभर चढत होता, त्यामुळे साधारण ७५ हजारांचं जादा व्याज मध्येच जमा झालं आणि एप्रिल २०२३ मध्ये शिल्लक निघाली सुमारे ४९.५६ लाख. त्यावर ९.५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३९,२३५. हप्ता ३८,७६५. म्हणजे दरमहा ४७० रुपये कमी पडत होते, आणि ते मुद्दलात मिळवले जात होते. मी इमानदारीत हप्ता भरत होतो आणि कर्ज वाढत होतं.

या टाकीची मेख अशी, की p/r एवढी शिल्लक असेल तर येणारं आणि जाणारं पाणी अगदी बरोबरीत राहतं. ३८,७६५ च्या हप्त्याला ९.५ टक्क्यांवर ही रेघ ४८.९७ लाखांवर येते. नेहमीच्या टाकीत पातळी थोडी वर गेली तर ती आपोआप खाली सरकते. इथे उलटं आहे. रेघेच्या किंचित खाली असाल तर कर्ज आधी हळू आणि मग वेगाने उतरत शून्याला जातं. किंचित वर असाल तर ते वर वर जातं. मी रेघेच्या ५९ हजार वर होतो. पन्नास लाखांत ५९ हजार म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण तूट चक्रवाढीने वाढते, ९.५ टक्क्यांना दर ७.३ वर्षांनी दुप्पट. हप्ता तसाच ठेवून वीस वर्षं गेली असती तर मी ९३ लाख भरले असते आणि देणं उरलं असतं ५२.९ लाख, घेतलं होतं त्यापेक्षा जास्त! तेव्हा मी पासष्टीला आलेला असेन.

बँकेला फोन लावला. इथली रात्र, तिकडची सकाळ.

"सर, तुमचा ईएमआय वाढलेला नाही, काळजी करू नका," पलीकडचे गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाले.

"ते दिसतंय हो. पण उरलेली मुदत किती?"

"सिस्टीममध्ये ३६० दाखवतंय, सर."

"३६० महिने? मग शेवटच्या महिन्यात शिल्लक किती दाखवतंय?"

बराच वेळ कळफलकाचा आवाज. "सर, मी वरिष्ठांशी बोलून कळवतो."

त्यांचा दोष नव्हता. ३६० ही बहुधा त्या प्रणालीत भरता येणारी सगळ्यात मोठी संख्या असावी. सूत्रात ऋण संख्येचा लॉग येत होता, त्याला कुठलंच उत्तर नाही, म्हणून यंत्राने हाताशी होती ती कमाल मर्यादा दाखवली. विवरणपत्रावर मुदत अशी गोल आणि थांबलेली दिसली, महिने सरले तरी तीच राहिली, तर मुद्दलाचा रकाना लगेच बघावा. तिथे शून्य असेल किंवा शिल्लक आदल्या महिन्यापेक्षा जास्त असेल, तर तुम्ही रेघेच्या वर आहात.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो आणि हप्ता कितीने वाढवला तर काय होतं ते काढलं. हा भाग मला सगळ्यात उद्बोधक वाटतो. हप्ता १,००० ने वाढवला, ३९,७६५ केला, तर u होतो ५३० रुपये. गुणोत्तर ७५, आणि T ४५ वर्षं. म्हणजे पहिल्या हजाराने कर्ज 'कधीच नाही' वरून ४५ वर्षांवर आणलं. एकूण ३,००० वाढवले तर साडेएकोणतीस वर्षं. ५,००० वाढवले तर चोवीस. आणि मूळच्या १९ उरलेल्या वर्षांत संपवायचं तर हप्ता हवा ४७,०००, म्हणजे ८,२०० हून जास्त वाढ. पहिले काही हजार दशकंच्या दशकं कापतात, पुढचे हजार वर्षं कापतात. सगळी करामत लॉगची.

दुसरी वाट एकरकमी भरण्याची. हप्ता ३८,७६५ च ठेवून १९ वर्षांत फेडायचं तर शिल्लक ४०.९ लाखांवर आणायला हवी, म्हणजे एकदम साडेआठ लाखांहून जास्त. तेवढे डॉलर तेव्हा पाठवणं मला जमण्यासारखं नव्हतं, कारण इथे मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर होती. शिवाय, बदलत्या दराचं व्यक्तीने घेतलेलं घरकर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, तेव्हा ही वाट नंतरही मोकळीच होती. मी हप्ता ४७,००० करायला लेखी कळवलं. आमच्या सौंचं त्यावर एकच वाक्य होतं, "म्हणजे महिन्याला शंभर डॉलर. एवढ्यासाठी दोन रात्री जागलास?"

माझ्यासारखे तेव्हा बरेच असणार, कारण १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने याच विषयावर परिपत्रक काढलं. दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची मोकळीक द्यावी. दर तिमाहीला आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती आणि किती हप्ते उरले, हे कळवावं. आणि मुदत वाढवल्यामुळे हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही अशी वेळ येऊ देऊ नये. आपल्या भाषेत, u शून्याखाली जाऊ देऊ नये. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं होतं. पण नियमाने u फक्त शून्याच्या वर राहतो. तो ५३० रुपये असला तरी नियम पाळला जातो आणि कर्ज ४५ वर्षं चालतं. त्यापुढे आपणच बघायचं.

समीकरणाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वरचा T दर पुढे कायम राहील असं धरून आहे. दर बदलला की त्या दिवसाची शिल्लक आणि नवा दर घेऊन u पुन्हा काढायचा आणि पुन्हा मोजायला सुरुवात करायची. रुपया-डॉलरचा भाव यात कुठेच नाही, आणि अर्धवट बांधकामाच्या फ्लॅटला, जिथे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं आणि तोवर नुसतं व्याज भरायचं असतं, तिथे पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत हे सूत्र लावता येत नाही.

२०२५ मध्ये वारं उलटं फिरलं. फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो चार वेळा उतरून ६.५० वरून ५.२५ झाला, माझा दर ८.२५. या वेळीही बँकेने विचारलं, आणि या वेळी प्रश्न गोड होता: हप्ता कमी करायचा का? डिसेंबर २०२५ मध्ये शिल्लक साधारण ४६.४ लाख, महिन्याचं व्याज ३१,९००. हप्ता ४७,००० च ठेवला तर u १५,१००. गुणोत्तर ३.११, लॉग १.१३५, भागिले ०.०८२५, म्हणजे १३.८ वर्षं. दर असाच राहिला तर २०३९ च्या शरदात कर्ज संपतं. एप्रिल २०४२ चीच मुदत धरून हप्ता उतरवला असता तर तो ४३,२०० च्या आसपास आला असता. महिन्याला ३,८०० रुपये हातात, आणि बदल्यात अडीच वर्षं जास्त. मी हप्ता तसाच ठेवला आहे. मुलीचं कॉलेज २०२७ मध्ये संपेल, तेव्हा पुन्हा एकदा u काढून एकरकमी किती भरायचे ते ठरवीन.